रत्नव्वाचा उंदीर

रत्नव्वा मूळच्या निपाणीकडच्या, लग्न होऊन कोल्हापुरातल्या कुंभारांच्या घरात आल्या. पस्तीस वर्षे गणपती घडवले आणि दरवर्षी ते पाण्यात जाताना पाहिले. म्हणून आमच्या शाळेने, नामशेष प्राण्यांच्या दालनासाठी, डोडोचा देखावा त्यांच्याकडे सोपवला तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, माझ्या हातचं एक तरी काचेत राहू दे." पसंत पडला तर पुढचे प्राणीही त्यांनाच मिळणार होते.

मी त्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. देखाव्याखालचा मजकूर लिहायचे काम माझ्याकडे होते. १४ जानेवारीला तिळगूळ घेऊन मी त्यांच्याकडे गेले.

डोडो सुरेख होता. वाकडी जाड चोच, नावापुरते पंख, जमिनीवर घरटे, त्यात एकच अंडे. शेजारी उंदीर, पुढचे पाय जोडून, मान वर करून डोडोकडे पाहणारा.

"रत्नव्वा, हा पाया पडतोय."

त्यांनी पाहिले आणि कपाळावर हात मारला. "उंदीर म्हटलं की हात तसाच वळतोय की. करतोय तरी काय त्यो तितं?"

मी सांगितले. मॉरिशस बेटावर डोडोला खाणारे चार पायांचे जनावर नव्हतेच. उडायची गरज नाही, पळायची नाही, म्हणून अंडे जमिनीवर, तेही बहुधा एका वेळी एकच. मग डच जहाजे आली. खलाशांनी थोडे पक्षी मारून खाल्ले, रान तोडले. पण जास्त घात केला तो त्यांच्याबरोबर आलेल्या उंदरांनी, डुकरांनी, माकडांनी. त्यांनी अंडी आणि पिल्ले सोडली नाहीत. शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. कित्येक बेटांवर पक्ष्यांचे असेच झाले.

"आमची कोंबडी मांजर दिसलं की पत्र्यावर चढती. ह्याला एवढं कळंना व्हय?"

"कोंबडीच्या पूर्वजांनी मांजरं पाहिली होती. याच्या कुणीच नाही. शिकायला पिढ्या लागतात. याच्या एका अंड्याच्या वेळात उंदराची पिल्लावळ होते."

चार दिवसांनी उंदीर बदलला होता. फुटलेल्या अंड्यात तोंड घालून बसला होता. डोडो मात्र तसाच, मान किंचित कलती करून, शांतपणे त्याच्याकडे पाहत होता.

"चेहऱ्यावर थोडी भीती दाखवा ना," मी म्हणाले.

"न्हाय बाई. भ्यायला येत असतं तर मेला असता कशाला?"

मी घरी येऊन माझा अर्धा मजकूर खोडला.

उद्घाटनाला मुख्याध्यापिका अस्मिता देसाईंनी तेच विचारले, "हा घाबरला कसा नाही?" रत्नव्वांनी पदर सावरून त्यांना सगळे पहिल्यापासून सांगितले, डुकरांसकट, मोठ्या आवाजात. मुली पुढे सरकून ऐकत होत्या. त्यानंतर मजकूर वाचायला कोणी थांबले नाही.

मॉरिशसच्याच नामशेष महाकाय कासवाचे काम आता त्यांच्याकडे आहे. परवा विचारत होत्या, त्याची अंडी कोण खायचं.