ओल्या पत्र्याचा रंग

सात वर्षांनी मी पुन्हा नोकरी मागत होते आणि ती मिळणं एका चाचणीवर अवलंबून होतं. गेम बनवणाऱ्या एका कंपनीने कॉम्प्युटरवर रचलेलं गोदामाचं कोरडं आवार पाठवलं होतं. ते पावसात भिजलेलं दाखवायचं, पाचच्या आत. पनवेलच्या आमच्या बेडरूममध्ये मी दुपारपासून नुसती ऊठबस करत होते.

काम तसं ओळखीचं होतं. रंग गडद करायचा, खरखरीतपणा कमी करायचा, की उजेड लकाकतो. मग उंचसखल भागाचा नकाशा घेऊन ठरावीक पातळीखालची जागा तेवढी निवडायची आणि तिथे डबकी करायची, सपाट, जवळपास आरशासारखी. सगळं केलं होतं. तरी आवार भिजलेलं वाटेना, कुणी काळं ऑइल ओतल्यासारखं दिसत होतं. रडू यायचं बाकी होतं.

सासरे चहा घेऊन आले. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रेलरवरचा माल उतरवून घेण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. कप हातात तसाच धरून ते स्क्रीनकडे बघत राहिले.

"चाकोऱ्यांत पाणी बरोबर साचलंय," ते म्हणाले. "पण हे नवे पत्रे काळे का केलेस गं?"

"ओलं झालं की गडद दिसतंच, बाबा. जरा करू द्या ना मला!"

"सिमेंट दिसतं, माती दिसते. ती पाणी पितात. नवा पत्रा कुठे पितो? तो नुसता चकाकतो. गंजलेला मात्र काळवंडतो."

कप ठेवून ते गेले. मला भयंकर राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. मी सगळ्यावर सरसकट एकच गडदपणा फिरवला होता. त्यातून नवे पत्रे वगळले, गंजाचे डाग तेवढे ठेवले. पत्र्यांचा खरखरीतपणा कमी केला होता, तो तसाच राहू दिला. आवार एकदम भिजलं. पाचला दहा मिनिटं असताना पाठवून टाकलं.

दोन दिवसांनी व्हिडिओ कॉल आला. मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "बहुतेक लोक सगळंच गडद करतात. पत्रा आणि गंज यांतला फरक तुम्हाला कसा सुचला?"

खरं उत्तर अगदी ओठांवर होतं. पण सासऱ्यांचं नाव घेतलं तर मी सात वर्षं घरी बसलेली बाईच दिसेन, अशी भीती वाटली.

"मी स्वतः कळंबोलीला जाऊन पाहून आले," मी ठणकावून सांगितलं.

नोकरी त्याच कॉलवर मिळाली. बाहेर आले, तर बाबा दाराला लागूनच्या खुर्चीत बसलेले. मला बघून ते खुशीत उठले.

"पोरी, जिंकलीस! पण कळंबोलीला कधी गेली होतीस? सांगायचंस की, मी आलो असतो बरोबर."

त्यात टोमणा नव्हता. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.