मधली आठ सेकंदं

कापड मार्केटमध्ये मी साड्यांचे व्हिडिओ बनवते. पूर्वी कॅटलॉगचे फोटो सजवायचे, आता सगळ्या व्यापाऱ्यांना हलती साडी हवी असते. सुरुवातीला काउंटरवर घडी केलेली साडी, शेवटी तीच नेसून उभी असलेली बाई, आणि मधल्या आठ सेकंदांत घडीची बाई होते. ते मधलं मी करत नाही, कॉम्प्युटर करतो. मी फक्त दोन फोटो देते आणि पहिलं चित्र आणि शेवटचं चित्र शब्दांत लिहून देते. दोन्ही वर्णनांत जे सारखं असेल ते तो जागेवर ठेवतो आणि जे वेगळं असेल तेवढंच बदलतो. माझं सगळं कसब त्या सारखेपणात आहे. एकीकडे ‘लाल काठ’ आणि दुसरीकडे नुसतं ‘काठ’ लिहिलं की मध्येच काठाचा रंग उडतो आणि शेठ फोनवर ओरडायला लागतो. मी चुकत नाही, अशी माझी ख्याती होती. मला स्वतःला तर ती जरा जास्तच पटलेली होती.

आईची साठी भावाने भेस्तानला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये करायची ठरवली. नंदुरबारहून मावशी, काका, काकू, सगळे येणार होते. भाऊ म्हणाला, “ताई, मायना लगीनना फोटोपासून आतेना फोटोलोंग व्हिडिओ बनाव ना. तुले तर येसच.” म्हणजे लग्नातल्या आईची हळूहळू आजची आई होताना दिसायला हवी. मी लगेच हो म्हणाले. मला कौतुक करून घ्यायला आवडतं, लपवून काय उपयोग?

शनिवारी दुपारी कामातून वेळ काढून बसले. लग्नाचा फोटो स्टुडिओतला, जरा लांबून काढलेला, मागे रंगवलेला पडदा. आत्ताचा फोटो भावाने मोबाइलवर अगदी जवळून घेतलेला. पहिल्या प्रयत्नात तरुण आई विरत गेली आणि तिच्यावर म्हातारी आई उमटली, एकावर एक दोन फोटो ठेवल्यासारखी. ते होणारच होतं. एक चित्र लांबचं आणि दुसरं जवळचं असेल तर मधली वाट त्याला सापडत नाही, तो सरळ एक पुसतो आणि दुसरं आणतो. मग मी दोन्ही फोटो खांद्यापर्यंत कापले आणि दोन्ही वर्णनं नव्याने लिहिली. चेहरा समोर, उजेड डावीकडून, मागे फिकट निळी भिंत, ओठांवर हलकं हसू, अंगावर हिरवी साडी. फोटोत काही असो, शब्दन् शब्द सारखा. वेगळं तेवढं वेगळं लिहिलं. आधी काळे केस, नितळ गाल, कपाळावर मोठं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. नंतर पांढरे केस, सुरकुत्या, कपाळ मोकळं, गळा मोकळा. जे दिसत होतं ते लिहिलं. माझे वडील मी नऊ वर्षांची असताना गेले. मोकळं कपाळ ही माझ्यासाठी आईच्या चेहऱ्याचीच गोष्ट होती, तिच्या हनुवटीवरच्या गोंदणासारखी.

व्हिडिओ सुंदर झाला. केस एकेक करून पांढरे होत गेले, गाल उतरले, डोळे तेच राहिले. मोबाइलवर मी तो चार वेळा बघितला, पण माझ्या सवयीने बघितला. कडा हलतात का, हिरवा रंग टिकतो का, पदर जागेवर आहे का. भावाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, “एकदम मस्त.”

रविवारी पाहुणे यायच्या तासभर आधी भावाने हॉलमध्ये आपल्या मोबाइलला प्रोजेक्टर जोडला आणि भिंतीवर व्हिडिओ लावून बघितला. भिंतभर आई. तिसऱ्या सेकंदाला तिचं कुंकू फिकट व्हायला लागलं. आधी लाल, मग गुलाबी, मग कपाळावर नुसता डाग, मग तोही नाही. काळे मणी गळ्याच्या कातडीत विरघळत गेले. आणि एवढं होत असताना ती हसत होती. कारण हसू मी दोन्हीकडे लिहिलं होतं.

सगळ्या नातेवाइकांसमोर, केक कापायच्या आधी, मी माझ्या आईला भिंतीवर विधवा करणार होते. भाऊ म्हणाला, “ताई, हाई नही दखाडता येवाव.”

“दाखवता येणार नाही हे कळायला मला डोळे आहेत,” मी त्याच्यावरच खेकसले.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर लॅपटॉप घेऊन बसले. शेवटच्या वर्णनात कुंकू लिहिलं असतं तर ते आठही सेकंद जागेवर राहिलं असतं, एका शब्दाचं काम होतं. पण साठ वर्षांच्या आईच्या कपाळावर कुंकू बघून काकू काय म्हणाल्या असत्या, आणि आई काय म्हणाली असती? पहिल्या वर्णनातून काढावं तर लग्नातली नवरी मोकळ्या कपाळाची. तो विचारच नकोसा वाटला. मध्ये तिसरं चित्र घालून दोन तुकडे करावेत, तरी कुठल्यातरी तुकड्यात कुंकू जाणारच. दोन टोकं वेगळी असली की मध्ये कुठेतरी ते घडतंच, आणि घडताना दिसतं. शेवटी ठरवलं की मधल्या चित्रात ती मान खाली घालेल आणि डोक्यावरचा पदर कपाळावर येईल. वर होईल तेव्हा कपाळ मोकळं. जे व्हायचं ते पदराआड होईल.

घाईत मी ‘पदर’ दोनदा चुकीचा टाइप केला. पहिल्यांदा पदराबरोबर नाकच गेलं. दुसऱ्यांदा मान खाली गेली ती वर आलीच नाही. तिसऱ्यांदा सुरू केलं आणि पडद्यावरचे टक्के बघत बसले. खुर्च्या मांडल्याचे आवाज येत होते.

तेवढ्यात मागून मावशीचा आवाज आला. मी वळून बघितलं. मावशी आईला घेऊन लवकर आली होती आणि आई पहिल्या रांगेत बसली होती. माझ्या नादात भिंतीवरचा व्हिडिओ बंद करायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. तो संपून पुन्हा पुन्हा सुरू होत होता. किती वेळा बघितला होता तिने, कोण जाणे.

मी धावत जाऊन प्रोजेक्टरची वायर धरली. “आई, हा नाही, हा चुकलेला आहे. दुसरा होतोय, दोन मिनिटं थांब,” मी म्हणाले. माझा आवाज रडवेला झाला होता आणि त्याचा मला रागही येत होता.

“ऱ्हाऊ दे,” आई म्हणाली. “आखो एकदाव दखू दे.”

मी वायर सोडली. भिंतीवर पुन्हा एकदा नवरी आली. मावशीने पदर तोंडाला लावला. आई मात्र पापणी न हलवता बघत होती. कुंकू फिकट होत गेलं, गुलाबी झालं, गेलं. वडील गेले त्या दिवशी मला शेजारच्या घरी ठेवलं होतं. आमच्या घरात काय झालं ते मी कधी विचारलं नव्हतं आणि तिने कधी सांगितलं नव्हतं.

“इतलं धीरे नही पुसं व्हतं कोन्ही कुंकू,” कपाळावर हळूच बोट फिरवत ती म्हणाली.

मग तिने माझा हात धरून मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. “हाऊच लाव,” म्हणाली. “सगळासले दखू दे.”