एकाच आद्याक्षरांची दोन माणसं

कापसाच्या संकटाची ती वर्षं होती. यवतमाळच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल होतो आणि कपाशीच्या किडींवरच्या लेखांची सूची तयार करत होतो. काही नोंदी दोन डेटाबेसमधून आल्या होत्या, उरलेल्या दोन टायपिस्टनी टाइप केल्या होत्या. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. कुठे आद्याक्षरांत टिंब, कुठे नुसती जागा. मी नियम केला: आधी आडनाव, स्वल्पविराम, मग आद्याक्षरं, टिंबासह, मध्ये जागा न सोडता. संपूर्ण नावंही छाटून आद्याक्षरांवर आणली.

एका आडनावाखालच्या बऱ्याच लेखांवर आद्याक्षरं तंतोतंत सारखी निघाली. त्यातल्या काही नोंदींत एका टायपिस्टनं बाईचं पूर्ण नाव लिहिलं होतं. मला वाटलं, त्याचीच चूक आहे. मी सगळे लेख त्या नावाच्या प्रसिद्ध प्राध्यापकाखाली घातले.

सूची छापून सगळीकडे गेली, माझं कौतुक झालं. महिन्याभरानं झरी जामणीच्या महाविद्यालयातली एक प्राध्यापिका आली. नोकरीच्या अर्जाला तिला सूचीतलं पान जोडायचं होतं.

"सर, हे माह्ये लेख हायेत. भावाच्या नावावर काहून?" तिनं शांतपणे विचारलं.

वडील एकच, आडनाव एकच, नावाचं पहिलं अक्षरही एकच. मी चूक टायपिस्टवर ढकलायला तोंड उघडलं, पण त्याचा मूळ कागद समोरच होता आणि त्यावर तिचं नाव बरोबर होतं.

मी प्रत्येक ठिकाणी दुरुस्तीपत्र पाठवलं. तिच्या अर्जाची मुदत मात्र तोवर संपली होती.