एका भेगेवर चार बोअरी

खडवलीजवळच्या आमच्या गावात बाबांनी नुकतीच बोअर मारली होती. तिच्यावर उन्हाळी भेंडी उभी होती. ते पाहून बांधाला बांध असलेले तिघे शेजारीही बोअर मारायला निघाले. मी कृषी पदवीधर, घरातला पहिलाच. शाळेच्या ओट्यावर शेतकऱ्यांची बैठक होती, तिथे सरपंचांनी मला पाच मिनिटं बोलायला उभं केलं.

मी म्हणालो, "आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. पाणी दगडात नसतं, दगडाच्या भेगांत असतं. इतक्या जवळ चार बोअरी घेतल्या तर बहुतेक एकाच भेगेतलं पाणी ओढतील. त्यापेक्षा आमची बोअर चौघांची करू. बाबा तयार आहेत. पाळी लावू, वीजबिल वाटून घेऊ."

आमच्या खालच्या शेतातले दादा लगेच म्हणाले, "बापाची बोअर वाचवाया आलास व्हय रे?"

सगळे हसले. राग आला, पण तो गिळला. कॉलेजच्या परीक्षेच्या दिवसांत याच दादांनी मला सायकलवर डबलसीट बसवून स्टेशनवर सोडलं होतं.

"दादा, तसं नाही. स्टँपपेपरवर लिहून घेऊ."

"आन् मोटरचं बटन कोनाच्या खोपटात? तुमच्याच ना? मंग पाणी मागाया रोज तुमच्या दारात उभं ऱ्हायाचं?"

"बटणाची पेटी बांधावर बसवू. चार किल्ल्या करू."

"सातबाऱ्यावर बोअर तुज्या बापाच्याच नावाव ना?" तिघांतले दुसरे शेजारी काका म्हणाले. सामायिक नोंद करता येते का ते तलाठ्यांना विचारू, असं मी म्हणेपर्यंत तिघंही उठले होते.

दोन दिवसांनी त्यांनी पाणाड्याला बोलावलं. तळहातावर आडवा नारळ घेऊन तो तिन्ही शेतांतून फिरला, आणि तिन्ही शेतांत नारळ उभा राहिला, म्हणजे खाली पाणी असल्याची खूण.

"बघ, इंजिनेर! देवानं परत्येकाला दिलंय," दादा मला म्हणाले. मी इंजिनियर नव्हतो, पण तेही सांगायचा मला कंटाळा आला होता.

पहिली बोअर दादांनीच मारली, आमच्यापासून वीस पावलांवर आणि आमच्यापेक्षा खोल. पाणी भरपूर लागलं. गुलाल उडाला, आम्हालाही पेढा आला. संध्याकाळी त्यांनी मोटर लावली. तासाभरात आमच्या पाइपातून नुसती हवा येऊ लागली. भेंडी अर्धी भिजली, अर्धी कोरडीच राहिली. पुढच्या दोघांनीही मारल्या आणि मग दादांच्या पाइपातूनही हवा येऊ लागली.

मी पुन्हा बैठक घ्या म्हणून भांडत होतो. बाबा सरळ दादांच्या बांधावर गेले.

"सकाळी तू चालव, दुपारी मी. त्या दोघांना सांज नि पहाट."

"चालंल," दादा म्हणाले. "पन माजं बटन माज्याच खोपटात."

पाळ्या लागल्या. मोटरी चार, बटणं चार, आणि पाणी एका वेळी एकापुरतंच. त्या उन्हाळ्यात अर्धीच भेंडी कल्याणच्या बाजारात गेली.