काखेतली आग

नणंदेच्या लग्नासाठी मी पहिल्यांदाच बिनबाह्यांचं ब्लाउज शिवून घेतलं, आणि तेव्हापासून काखेतल्या केसांची काळजी लागली. माझी कातडी लहानपणापासून नाजूक. नवऱ्याच्या जुन्या रेझरने कोरडेच केस काढायचे, तर लाल पुटकुळ्या उठायच्या. मानवत गावातल्या पार्लरमध्ये एकदा वॅक्सिंग केलं, तर केस आतल्या आत वाढले, गाठी आल्या आणि कितीतरी दिवस दुखत राहिल्या. म्हणून या खेपेला क्रीम आणलं. आधी थोड्या जागेवर लावून बघा, असं पाकिटावर लिहिलेलं होतं. मी तसं केलं नाही. शिवाय केस नीट निघावेत म्हणून लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवलं.

हळदीच्या दिवशी दोन्ही काखांत आग पेटली होती. नणंदेला हळद लावायला हात वर होईना. बायका बघायला लागल्या.

"हात का वर करीना गं?" सासूबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं.

"काही नाही आई, खांदा धरलाय," मी म्हणाले. लग्न मी अंगभर शाल घेऊन काढलं, भर उन्हात.

कातडी सोलून पाणी यायला लागलं, तेव्हा सासूबाईंना सांगावंच लागलं. त्या मला परभणीला कातडीच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेल्या. तपासताना माझं तोंड भिंतीकडे होतं.

"क्रीमने भाजलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लावायला मलम दिलं. "हे पूर्ण बरं होईपर्यंत काहीच करू नका. नंतर ट्रिमरने बारीक करा, तो कातडीला घासत नाही. थोडे खुंट राहतील, राहू द्या. रेझर वापरायचाच तर केस भिजवून, फेस लावून, नव्या पात्याने, केसांच्या दिशेने. वॅक्सिंग तुम्हाला सोसत नाही, क्रीमही नको. आणि केस काढलेच पाहिजेत, असं काही नाही."

मी उठले, पण सासूबाई उठेनात. जमिनीकडे बघत पुटपुटल्या, "मॅडम, मला बी तिथं लय खाज यायलीय. ब्लेडनं काढते. घरात कुणाला सांगावं?"

मी पडद्याबाहेर जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं एकाच न्हाणीघरात आम्ही दोघी हेच लपवत होतो.

परतताना ट्रिमर घ्यायला दुकानात शिरलो.

"दाढीचा का? साहेबांसाठी?" दुकानदाराने विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली आणि एक घेतला. सासूबाई लांब उभ्या राहून पंखे बघत होत्या.

बाहेर आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मला येगळा घ्यायचा व्हता."

मी दुकानाकडे पाहिलं, त्यांनीही पाहिलं. परत आत जायची हिंमत दोघींनाही झाली नाही. पदर सावरत आम्ही स्टँडकडे चालायला लागलो.