वास येतो, हे खरं आहे

सासूबाईंच्या वास्त्यांच्या लोणच्याचं ऑनलाइन वर्णन लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्यात गडचिरोलीकडच्या बायका ते बाजारात आणतात. सासूबाई ते चिरून उकळतात, पाणी फेकतात, मग मिठाच्या पाण्यात आंबवत ठेवतात. तेवढे दिवस ऊर्जानगर या वीज केंद्राच्या वसाहतीत आमच्या शेजारच्या क्वार्टरांच्या खिडक्या बंद असतात.

पहिलं वर्णन त्यांनीच सांगितलं होतं. ‘जंगलाचा सुगंध, आईच्या हाताची माया.’ मीही निमूट टाइप केलं. पहिलीच बरणी पुण्याला गेली आणि तिथून एक तारा मिळाला, सोबत दोन शब्द, ‘सडलेलं आहे’. सासूबाई त्या दिवशी धड जेवल्या नाहीत. यापुढे लोणचं बंद, म्हणाल्या. मला त्यांचं फार वाईट वाटलं आणि त्या ‘सुगंधा’चा भयंकर राग आला.

त्यांना न विचारताच मी वर्णन बदललं. ‘वास येतो. बरणी उघडताच तोंड फिरवाल. हा वास वास्ते आंबवल्याचा आहे, लोणचं बिघडल्याचा नाही. बुरशी दिसली तर मात्र खाऊ नका, फोटो पाठवा, पैसे परत देऊ. चमचा कोरडा वापरा, फोडी तेलात बुडालेल्या राहू द्या.’ खाली घटक, वजन, बनवल्याची तारीख आणि परवान्याचा क्रमांक.

ऑर्डरी येऊ लागल्या. सासूबाईंनी शेजारणीकडून ते वाचून घेतलं आणि माझ्याशी बोलणंच सोडलं. स्वयंपाकघरात मात्र मोठं पातेलं सारखं चुलीवर. मला वाटलं, राग कामात जिरवताहेत.

मग नागपूरहून निरोप आला. ‘वर्णनात वास लिहिलाय, आमच्या बरणीला तो नाहीच. हे वास्तेच आहेत ना? पैसे परत करा.’

मी नव्या खेपेतली बरणी उघडली. लिंबाचा मंद वास, बाकी काही नाही. सासूबाईंनी वास्ते आंबवलेच नव्हते. पुन्हा पुन्हा उकळून, वर लिंबू पिळून मोकळ्या झाल्या होत्या.

“आई, असं काऊन केलं?”

“तुले खोटं पाडाचं होतं मले,” त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नव्हता.

मला हसू आवरेना. मी नागपूरचा निरोप त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ‘हे वास्तेच आहेत ना’ इथे त्यांचा चेहरा उतरला. सडकं म्हटलेलं एकवेळ चाललं असतं, पण नकली म्हणजे फारच झालं. त्यांनी तिथल्या तिथे पैसे परत करायला लावले.

“आता लिही,” त्या म्हणाल्या. “वास नाई आला, तं पैसे वापस.”

मी लिहिलं. तोवर त्यांनी नव्या वास्त्यांचं भांडं मिठाच्या पाण्याने भरलं, पदराला हात पुसले आणि शेजारणीला खिडकी लावून घ्यायला सांगायला स्वतः गेल्या.