तेलाआधी रिचार्ज

ग्राहक वर्तन हा विषय मी जव्हारच्या कॉलेजात बारा वर्षं शिकवतोय. विषय कंटाळवाणा नाही, शिकवणारा कंटाळलाय, हे मला ठाऊक आहे. मास्लोची गरजांची उतरंड तर मी झोपेतही सांगेन. फळ्यावर त्रिकोण काढायचा, त्याचे पाच भाग करायचे. तळाला शारीरिक गरजा, म्हणजे तांदूळ आणि तेल. त्यावर सुरक्षितता, म्हणजे विमा आणि दाराचं कुलूप. मग आपलेपणा, त्यासाठी मैत्रिणीला भेटवस्तू. मग प्रतिष्ठा, त्यासाठी चारचाकी. टोकाला आत्मसिद्धी, तिथे उतारवयात लावलेला गाण्याचा क्लास. खालची गरज बऱ्यापैकी भागली की माणूस वरच्या पायरीची खरेदी करतो.

सिद्धांताच्या मर्यादा मी शेवटच्या पाच मिनिटांत उरकायचो. क्रम सगळीकडे सारखा नसतो, एकाच खरेदीत दोन-तीन गरजा मिसळलेल्या असतात, आणि गरज कळली तरी कोणता ब्रँड घेतला जाईल ते कळत नाही. त्यांची उदाहरणं मी देत नसे, तोवर घंटा झालेली असे.

त्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात इथल्याच डोंगरातल्या वांगणीकडची एक मुलगी होती. घरी जमीन नाही, आईबाप मजुरीवर. परीक्षेच्या आठवडाभर आधी तिने उभं राहून विचारलं, "सर, पोट भरलं नसलं तं माणूस दुसरं काय घेतच नाय का?"

मी चिडलो. माझे आजोबा नागली पिकवायचे आणि मी पगारावर आहे. मधल्या सगळ्या पायऱ्या मला पाठ आहेत असा माझा तोरा होता. "परीक्षेला नोट्समधलं लिही, तुझं डोकं घरी ठेव," मी म्हणालो. वर्ग हसला, ती बसली.

दुसऱ्या वर्षाचे पेपर कॉलेजातच तपासतात, तिचा माझ्याकडे आला. आधीचे विषय राहिलेले असल्याने हा सुटला तरच तिला तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळणार होता. हे मला माहीत होतं, म्हणून मुद्दाम कडक तपासला. दयेपोटी गुण दिले असं कुणी म्हणायला नको. प्रश्न होता उतरंड आणि तिच्या मर्यादा, उदाहरणांसह. आदर्श उत्तर मीच तयार केलेलं. त्यात दोन तृतीयांश गुण त्रिकोणाला आणि पाच पायऱ्यांना होते. तिने त्रिकोण काढलाच नव्हता. ती थोडक्यात नापास झाली. निकालानंतर तिने उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्ससाठी अर्ज केला आणि भिवंडीला एका गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या कामाला निघून गेली.

झेरॉक्स आली तेव्हा फेरतपासणीची मुदत संपली होती. ती न्यायला तिची आई आली. क्लार्कने तिला माझ्याकडे पाठवलं.

"माना वाचता नाय येत," ती म्हणाली. "पोरीनं एवढा लिवला, पैसं भरलं, तं घरात ऱ्हाऊ दे. जरा वाचून दाखवा ना, सर."

मी वाचू लागलो.

"मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरात तेल संपले होते. वडील वीटभट्टीवर होते. आई खोडाळ्याच्या बाजारात गेली आणि तेलाआधी मोबाइलचा रिचार्ज करून आली. मास्लोप्रमाणे तेल आधी यायला हवे. पण वडील सुखरूप आहेत का हे कळणे ही सुरक्षितता आणि त्यांचा आवाज ऐकणे हे प्रेम. एकच रिचार्ज दोन पायऱ्यांवर बसतो आणि तोही तेलाच्या आधी. कोणत्या कंपनीचा, हे मास्लो सांगत नाही. आमच्या टेकडीवर जिची रेंज येते तिचा. बिनतेलाची भाजी खाताना आम्ही स्वतःला खालच्या पायरीवर समजलो नाही."

तिन्ही मर्यादा होत्या. इतक्या वर्षांत मी एकाही मर्यादेला उदाहरण दिलं नव्हतं, तिने तिन्हींना दिलं होतं. मला लाज वाटली.

आई पदर तोंडाला लावून हसत होती. "मीच ती," ती म्हणाली. "माझा लिवलाय तिनं." मग तिने समासात बोट ठेवलं. झेरॉक्समध्ये माझी लाल शाई काळी उमटली होती, पण अक्षर माझंच होतं. "हा आडवा काय लिवलाय?"

तिथे मी लिहिलं होतं, 'विषयांतर. घरगुती गप्पा नकोत.'

"'चांगलं लिहिलंय' असं लिहिलंय," मी म्हणालो.

"मंग नापास कशी झाली?" तिने विचारलं. मग तिने कागदांची घडी घातली, ती पिशवीत नीट ठेवली आणि मला नमस्कार करून गेली.